पलंग की काठी

आबांना जाऊन चार वर्षं झाली त्या दिवशी घरी छोटी प्रार्थना ठेवली होती. नगरच्या जुन्या घरातली मधली खोली, सतरंजी, बाहेर चपलांचा ढीग, आत अगरबत्तीऐवजी मेणबत्तीचा वास आणि स्वयंपाकघरातून येणारा मटणाचा. भावाने बायबलमधल्या उत्पत्तीचा सत्तेचाळिसावा अध्याय वाचला. म्हातारा याकोब मिसरात आहे, वय 147. मुलाला बोलावून घेतो, आपल्या मांडीखाली हात ठेवायला सांगतो आणि शपथ घ्यायला लावतो : मला इथे पुरू नकोस, माझ्या वाडवडिलांजवळ ने. योसेफ शपथ घेतो आणि म्हातारा पलंगाच्या उशाकडे नमतो. पुढे गाणं झालं, आणि मग काकांनी नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय काढला. त्यात तोच याकोब, तेच नमन, पण या वेळी काठीच्या टोकावर टेकून. काकांचं वाचन संपायच्या आत माझा अकरा वर्षांचा भाचा मोठ्याने म्हणाला, "मघाशी तर पलंग होता!"

सगळे हसले. काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "अरे, तेच ते." जेवणं झाली, पातेली घासली गेली, लोक गेले. पण ते "तेच ते" माझ्या डोक्यात खड्यासारखं राहिलं. पलंग आणि काठी हे तेच ते नाही. आमच्या घरात तर अजिबातच नाही.

मी हिब्रू शिकले ती हौसेने, रविवारच्या दुपारी, एका निवृत्त पाळकसाहेबांकडे. ग्रीक नंतर, अर्धवट. नोकरीत त्याचा शून्य उपयोग. पण घरात दोन्ही पुस्तकं आहेत : एक हिब्रू, आणि दुसरं ते जुनं ग्रीक भाषांतर, जे अलेक्झांड्रियातल्या यहुद्यांनी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात करायला घेतलं. हिब्रू मागे पडत चाललेल्या लोकांसाठीचं भाषांतर. आपल्याकडे परदेशात वाढलेल्या नातवंडांसाठी कोणी हरिपाठ इंग्रजीत करून द्यावा, तसं काहीसं. त्या रात्री दोन्ही पुस्तकं जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी उघडली आणि बोट ठेवून वाचायला लागले.

हिब्रू असं आहे : वय्यिश्तहू यिस्राएल अल रोश हम्मिट्टा. आणि इस्राएल नमला (याकोबाचंच दुसरं नाव), डोक्यावर, पलंगाच्या. डोकं म्हणजे इथे वरचं टोक, आपण उसं म्हणतो ते. ग्रीक : काइ प्रोसेक्युनेसेन इस्राएल एपि तो आक्रोन तेस ऱ्हाब्दू आउतू. आणि इस्राएल नमला, टोकावर, काठीच्या, त्याच्या. शब्दांचा क्रमसुद्धा तोच. भाषांतरकार हिब्रूच्या पावलावर पाऊल टाकत चाललाय, जणू वाक्यात इकडचं तिकडे झालं तर कोणी रागावेल. आणि अशा माणसाने शेवटच्या पायरीवर पलंग उचलून तिथे काठी ठेवली.

माझ्या मनात पहिलं काय आलं असेल ते मराठी माणसाला सांगायला नको. ध चा मा. कोणीतरी, कुठेतरी, एका अक्षराची चलाखी केली. आनंदीबाईची ती गोष्ट खरी की रचलेली हे बाजूला ठेवू, पण आपल्याला ती इतकी पाठ आहे की दोन मजकूर जुळले नाहीत की आपण आधी हात कोणाचा ते शोधायला लागतो.

पण इथे एकही अक्षर बदललेलं नाही.

हिब्रूत मूळ लिहितात ती व्यंजनं. पलंग म्हणजे मिट्टा. काठी म्हणजे मट्टे. दोन्ही शब्द कागदावर मेम, टेट आणि शेवटी जवळजवळ न उच्चारला जाणारा हे, अशा तीनच अक्षरांचे. टेट दुहेरी म्हणायचा तोही दोन्हीकडे सारखाच, आणि तेही अक्षरात दिसत नाही. इ आणि आ लावलात तर झोपायची वस्तू, अ आणि ए लावलात तर चालायची. रायगड जिल्ह्यातल्या एका सिनेगॉगमध्ये मी एकदा तोराची गुंडाळी उघडलेली जवळून पाहिली आहे. काळ्या शाईच्या अक्षरांच्या उभ्या पट्ट्या, खाली एक टिंब नाही, वर एक रेघ नाही. वाचणारे आजोबा चांदीची छोटी दांडी ओळीवरून सरकवत होते आणि स्वर त्यांच्या तोंडातून येत होते. कातड्यावर ते कुठेच नव्हते. आपल्याकडे मारवाडी पेढ्यांवरच्या बिनमात्रांच्या लिपीचा विनोद सांगतात ना, काका अजमेर गया असं पत्र आलं आणि घरच्यांनी काका आज मर गया असं वाचून रडारड सुरू केली, अगदी तेच. तिथेही घरातला म्हातारा माणूसच, आणि तिथेही प्रश्न हाच की तो निघालाय की गेलाय.

हिब्रू पुस्तकात आज आपल्याला मि-ट्टा असे स्वर दिसतात, ती टिंबं आणि रेघा सातव्या ते दहाव्या शतकात गॅलिलीच्या तिबेरियासमधल्या आणि इतर ठिकाणच्या पंडितांनी अक्षरांभोवती बसवल्या. त्यांनी त्या मनाने ठरवल्या नव्हत्या. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेलं वाचन त्यांनी टिपलं, आणि किती काळजीने टिपलं हे बघितलं की हात जोडावेसे वाटतात. पण ग्रीक भाषांतरकार त्यांच्या हजारेक वर्षं आधीचा. त्याच्यासमोर टिंबं नव्हतीच. त्याच्यासमोर होते मेम, टेट, हे. म्हणजे मी ज्याला मूळ म्हणून डावीकडे ठेवलं होतं आणि ज्याच्यावरून उजवीकडच्याची चूक काढायला बसले होते, तेही एक वाचनच होतं. अक्षरं जुनी, स्वर त्यांच्यानंतरचा. टेबलावर दोन साक्षीदार होते. मी त्यातल्या एकाला न्यायाधीश करून बसवलं होतं.

मग पाळकसाहेब शिकवायचे तसं केलं. ते म्हणायचे, भाषांतरकाराला चूक म्हणायच्या आधी त्याच्या घरात फिरून ये. त्याला तो शब्द येत होता की नाही ते बघ. म्हणून पुढचा अध्याय काढला. दोनच ओळींनी पुढे, 48:2 मध्ये, योसेफ आलाय असं कळल्यावर म्हातारा बळ एकवटतो आणि पलंगावर उठून बसतो. हिब्रूत तेच हम्मिट्टा, त्याच अक्षरांत. ग्रीकमध्ये? क्लिने. पलंग. अध्याय 49 च्या शेवटी याकोब पाय पलंगावर घेतो आणि प्राण सोडतो, तिथेही क्लिने. म्हणजे याला मिट्टा व्यवस्थित येत होता. उलट बाजूने बघितलं तर 38 व्या अध्यायात यहूदाची काठी येते, मट्टे, आणि तिथे त्याने ऱ्हाब्दोस लिहिलंय, आपल्या ओळीतलाच शब्द. दोन्ही शब्द हाताशी असलेल्या माणसाने इथे एक निवडला.

का निवडला, तेही मला पुढच्याच ओळीत सापडलं. 48:1 : या गोष्टींनंतर योसेफाला कोणीतरी सांगितलं की तुझे वडील आजारी आहेत. नंतर! म्हणजे शपथ घेतली तेव्हा आजारपणाची बातमी अजून यायची होती. म्हातारा थकलेला असेल, मरण जवळ आल्याचं त्याला कळलेलं असेल, पण अंथरुणाला खिळल्याचं कुठे म्हटलेलं नाही. मांडीखाली हात ठेवायला लावणारा, अटी घालणारा, नुसत्या 'हो'वर न भागवता 'शपथ घे' म्हणणारा माणूस मनात उभा करा. तो पडून बोलतोय की बसून? अलेक्झांड्रियातल्या त्या माणसाने बहुधा असाच विचार केला : पलंग अजून आलेला नाही, मग हे टोक काठीचंच. हा हलगर्जीपणा नाही. गोष्ट लक्ष देऊन वाचणाऱ्याची खूण आहे. इंग्रजीतल्या एका भरपूर खपाच्या आधुनिक भाषांतरानेही या ओळीत हिब्रू स्वर सोडून त्याचीच काठी घेतली आहे.

पलंगाची बाजूही लेचीपेची नाही, नाहीतर इतकी शतकं टिकली नसती. राजांच्या पहिल्या पुस्तकात म्हातारा दावीद गादी मुलाला मिळाल्याचं ऐकतो आणि पलंगावर नमतो, 1:47. शब्द वेगळा आहे, मिशकाव, पण चित्र हेच : मुलाचं मार्गी लागलं, बाप अंथरुणातूनच वाकला. आणि आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकात, 3:12 मध्ये, हीच तीन अक्षरं आली तेव्हा ग्रीक करणाऱ्याने तिथे 'वंश' लिहून ठेवलंय, कारण मट्टेचा तोही एक अर्थ. तिथे मात्र पलंगच हवा होता, शोमरोनच्या लोकांच्या आरामशीर पलंगाबद्दलचंच ते बोलणं आहे. तेव्हा ही अक्षरं माणसाला फसवतात हे खरं. आपल्या माणसालाही फसवलं असेल. मी माझं मत सांगते : कथेचा ओघ काठीकडे आहे, आणि तोंडी परंपरेचं वजन पलंगाकडे. माझं पारडं काठीकडे झुकतं, पण त्याला हिब्रूखेरीज दुसरंही कारण आहे, ते पुढे येईल.

भाषांतरकाराने खरी फारकत घेतली ती दुसरीकडेच. त्या रात्री मला ती दिसलीही नव्हती, दुसऱ्या दिवशी बसमध्ये आठवली. हिब्रूत आहे 'हम्मिट्टा', नुसता 'तो पलंग' किंवा 'ती काठी'. ग्रीकमध्ये शेवटी एक शेपूट आहे : आउतू, त्याच्या. अक्षरांत याला काही आधार नाही. 'त्याची काठी' म्हणायचं तर हिब्रूत शब्दाचा शेवट बदलला असता. भाषांतरात असं सहज होतं, आपणही 'हातात काठी घेतली'चं 'आपल्या हातात आपली काठी घेतली' करून टाकतो. पण या निरुपद्रवी शब्दाने पुढे केवढा घोळ घातला. त्याच्या म्हणजे कोणाच्या? याकोबाच्या की समोर उभ्या योसेफाच्या? योसेफ मिसराचा कारभारी, त्याच्या हातात राजदंड असणारच, असं मानून काहींनी बापाला मुलाच्या दंडाच्या टोकापुढे नमवलं. इब्री लोकांस पत्राच्या लॅटिन पाठात तर 'वर' हा छोटासा शब्दही गळला आणि याकोबाने काठीच्या टोकाचीच पूजा केल्यासारखं वाक्य झालं. चौथ्या शतकाच्या शेवटाकडे बेथलेहेमात बसलेला जेरोम यावर वैतागला. योसेफाच्या दंडाला नमन केलं म्हणणाऱ्यांना त्याने खोडून काढलं आणि आपल्या लॅटिन भाषांतरात पलंग परत आणला. पण परत आणताना काय केलं बघा : इस्राएलाने पलंगाच्या उशाकडे वळून देवाला नमन केलं, असं लिहिलं. 'वळून' हिब्रूत नाही. 'देवाला' तर नाहीच. ग्रीक माणसाने एक 'त्याच्या' घातला म्हणून एवढं रामायण, आणि त्याला सुधारणाऱ्याने थेट देवच वाक्यात आणून बसवला.

कोणापुढे नमला, हे हिब्रूत खरोखरच लिहिलेलं नाही. मुलापुढे? तसं असेल तर ते स्वप्न इथे येऊन पुरं होतं, सूर्य, चंद्र आणि अकरा तारे वाकण्याचं, जे ऐकून याच बापाने त्याला झापलं होतं. मध्ययुगातला फ्रान्सचा भाष्यकार राशी इथे एक जुनी म्हण देतो : कोल्ह्याचे दिवस आले की त्यालाही नमस्कार कर. आपल्या 'अडला हरी'ची ही चुलत बहीण, जरा कमी कडवट. आणि लगेच पुढे तोच राशी म्हणतो की आजाऱ्याच्या उशाशी देवाचं सान्निध्य असतं, म्हणून तो उशाकडे वळला. एकाच श्वासात कोल्हा आणि देव. मला हे फार आवडतं. बापाच्या मनात त्या क्षणी दोन्ही असू शकतात, अशी मुभा त्यात आहे.

पलंगाच्या उशाकडे नमायचं म्हणजे नक्की कसं, हे कळेना म्हणून मी एका दुपारी दार लावून करून पाहिलं. पाय खाली सोडून बसलं तर उसं बाजूला राहतं, कंबर पिरगळते. गुडघ्यावर उशाकडे तोंड करून वाकलं तर कपाळ उशीत जातं आणि श्वास कोंडतो. आडवं पडूनच मान झुकवली तर त्याला नमन म्हणावं की डुलकी, कळत नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी मला हे जमेना. काठी मात्र करून पाहायची गरज नव्हती. ते मी रोज बघितलेलं होतं.

आबांची काठी वेताची होती, वर पितळी मूठ, खाली काळं रबरी बूट. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांच्या विद्यार्थ्यांनी दिलेली. संध्याकाळच्या प्रार्थनेला ते खुर्चीच्या काठावर सरकून बसायचे, काठी दोन्ही पायांच्या मधोमध उभी धरायचे, मुठीवर एकावर एक दोन्ही हात, आणि हातांवर कपाळ. शब्द खाली जमिनीकडे जायचे, आम्हाला अर्धेच कळायचे. मोठ्या 'आमेन'नंतर मान वर यायची तेव्हा कपाळावर बोटांच्या सांध्यांचे तांबडे ठसे असायचे, चहा होईपर्यंत टिकणारे. आडवं पडून प्रार्थना म्हणजे देवाच्या तोंडावर जांभई, असं ते म्हणायचे. आम्हा मुलांना त्यावरून कितीदा उठवून बसवलंय.

एक्याण्णवाव्या वर्षी ते मोरीत पडले. मोडलं काही नाही, पण डॉक्टरांनी सहा आठवडे उठायचं नाही म्हणून सांगितलं. आबा ऐकेनात. रात्री काठीचा ठक ठक आवाज आला की मी धावायची. चौथ्या रात्री मी काठी उचलली आणि पुढच्या खोलीतल्या कपाटामागे उभी करून ठेवली. चांगल्यासाठीच. सकाळी त्यांचा उजवा हात पलंगाच्या कडेने खाली गेला, भिंतीला चाचपडला, परत आला. त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. संध्याकाळी वही उघडून वचन वाचायला बसले तर आबा उताणे, डोळे मिटलेले, हात पोटावर, ओठ हलत होते. कपाळाला टेकायला काही नव्हतं. सहा आठवडे संपले तेव्हा उठायचं बळ संपलेलं होतं, आणि मग काठी काढायचं कारणही उरलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

याकोबाची ग्रीक गोष्ट वाचताना एका जागी मी थांबले, ती जागा इथे सांगायला हवी. तरुणपणी भावाला फसवून पळाला तेव्हा याच्याजवळ काही नव्हतं. वीस वर्षांनी परतताना तो प्रार्थनेत म्हणतो, ही यार्देन मी ओलांडली तेव्हा माझ्या हाती फक्त काठी होती, आता माझे दोन तांडे झालेत. हिब्रूत तिथल्या काठीला मक्केल हा वेगळा शब्द आहे. ग्रीकमध्ये मात्र तिथेही ऱ्हाब्दोस आणि इथेही ऱ्हाब्दोस. त्यामुळे ग्रीक वाचणाऱ्याला वाटतं, ही तीच काठी. नदी उतरताना होती ती, आता टेकायला. हा दुवा हिब्रूत या रूपात नाही. भाषांतरात तो आपोआप जुळला, आणि इब्री लोकांस पत्र लिहिणाऱ्याच्या हाती ग्रीकच असल्यामुळे पुढे तोच चालला. त्याने तर नातवांना आशीर्वाद देण्याचा पुढचा प्रसंग आणि हे नमन एकाच ओळीत घेतलं, म्हातारा मरणाच्या दारात आहे आणि तरी काठीवर. त्या ओळीत काठी कोणी काढून घेतलेली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा राहायला आला तेव्हा स्वतःच विषय काढला. "आत्या, मग पलंग की काठी?" मी त्याला कागदावर हिब्रूची तीन अक्षरं काढून दाखवली. त्याला ती चित्रं वाटली. म्हणून म्हटलं, बरं, आपल्यात करू. म आणि ठ, दोनच अक्षरं, मात्रा तू लाव. तो पेन्सिल चावत बसला आणि एकाखाली एक लिहीत गेला. मठ. माठ. मीठ. मोठ लिहून थांबला, "असा शब्द आहे?" मी म्हटलं, नाही, विहिरीची ती मोट. त्याने मोठ खोडला. मग अजून एक सुचला, तो लिहिला, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मूठ. म्हणजे ही ना?" हाताची मूठ वळून दाखवली.

"ही पण. आणि काठीची पण असते, वर धरायला."

"दाखव."

मी उठले आणि पुढच्या खोलीत जाऊन कपाट जरा ओढलं. रबरी बूट फरशीला चिकटलं होतं, काठी हातात आली आणि ते तिथेच राहिलं.